स्वप्नांची वही : आसक्ती ओळखायची बौद्ध पद्धत, पायरीपायरीने

बडोद्यातल्या मराठी घरात कुणी स्वप्न सांगायला लागलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहाटे पडलं का? आणि कोण दिसलं? पहाटेचं असेल तर खरं होणार, गेलेलं माणूस दिसलं तर त्याची काहीतरी इच्छा राहिलीये, साप दिसला तर बघायलाच नको. आमच्या रविवारच्या वाचनवर्गात नवीन येणारी मंडळीही हेच प्रश्न सोबत घेऊन येतात आणि बौद्ध ग्रंथांत स्वप्नांचा अर्थ कुठे दिलाय ते विचारतात. ग्रंथांत स्वप्नांबद्दल पुष्कळ आहे, पण आपल्याला हवं असतं ते तिथे फारसं नाही. जे आहे ते मात्र रोज वापरता येतं. मी ते काही वर्षं करतोय आणि इतरांनाही करताना पाहिलंय, म्हणून कामाची रीत इथे मांडतो.

लागणारं सामान

शंभर पानी वही, बॉलपेन (शाईचं पेन अंधारात दगा देतं) आणि उशाशी मंद दिवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. गजरासाठी साधं घड्याळ घ्या. मोबाईलवर वेळ बघायला गेलात की व्हॉट्सॲप उघडलंच, आणि तेवढ्यात स्वप्न गेलेलं असतं.

वाचायला एकच पुस्तक सांगेन, सुत्तनिपात, म्हणजे बुद्धवचनांचा जुना पाली संग्रह. धर्मानंद कोसंबींनी त्याचं मराठी भाषांतर केलेलं आहे. याच कोसंबींना आपल्या सयाजीराव महाराजांनी अभ्यासासाठी दरमहा ५० रुपये लावून दिले होते आणि अट घातली होती ती महाराष्ट्रात राहण्याची आणि वर्षाला एखादं पुस्तक लिहून देण्याची. बडोदेकराने एवढं तरी लक्षात ठेवावं.

१. स्वप्न कुठून येतं, ते आधी समजून घ्या

पाली अट्ठकथांमध्ये, म्हणजे बुद्धवचनांवरच्या जुन्या टीकाग्रंथांमध्ये, स्वप्नांची चार कारणं दिली आहेत. पहिलं, शरीरातल्या धातूंचा क्षोभ, म्हणजे पोट, वात, पित्त, ताप. दुसरं, पूर्वी अनुभवलेलं. तिसरं, देवतांनी दाखवलेलं. चौथं, पुढे घडणाऱ्या गोष्टीची चाहूल. पहिल्या दोन प्रकारची स्वप्नं खरी नसतात, असं अट्ठकथा स्पष्टच सांगते. देवतांनी दाखवलेलं खरंही असू शकतं किंवा फसवंही. पूर्वसूचनेचं तेवढं खरं.

इथे काही जण लगेच चौथ्या प्रकाराला चिकटतात. त्यांनी मिलिंदपञ्ह वाचावा. त्यात राजा मिलिंद भिक्षू नागसेनांना विचारतो की अशा स्वप्नात मन स्वतः जाऊन पुढची गोष्ट शोधून आणतं का. नागसेन नाही म्हणतात. आरशात जसं प्रतिबिंब आपोआप येऊन पडतं, तसं ते चिन्ह मनात येतं. आणि ज्याला ते दिसलं त्याला त्याचा परिणाम ठाऊक नसतो, तो दुसऱ्यांना सांगतो. म्हणजे तुम्हाला पूर्वसूचना मिळाली असं क्षणभर धरलं, तरी ती ओळखायचं साधन तुमच्याकडे नाही. तिसरा आणि चौथा प्रकार मानायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. या वहीत त्यांना जागा नाही, आपलं काम पहिल्या दोघांशी आहे.

पुढचा धागा महायानातल्या वसुबंधूंकडे मिळतो. आपल्याला दिसतं ते सगळं मनानेच उभं केलेलं, बाहेर वस्तू नाही, असं ते विंशतिका या ग्रंथात मांडतात. त्यावर आक्षेप येतो की बाहेर वस्तूच नसेल, तर ती ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळीच का दिसते आणि तिचा परिणाम कसा होतो? वसुबंधू उत्तराला स्वप्न पुढे करतात. स्वप्नातली बागही ठरावीक जागीच दिसते, सगळीकडे नाही. आणि स्वप्नातला संग खरा नसला तरी शरीरावर त्याचा परिणाम खरोखर होतो. वसुबंधूंना यातून जगाविषयी बरंच मोठं काही म्हणायचंय, ते सोडून द्या. आपल्याला एवढंच पुरे की स्वप्नातली वस्तू मनाने उभी केलेली असते, पण तिच्यावरची प्रतिक्रिया खरी असते. वाघ नव्हता, घाम मात्र आला, अंथरूण ओलं झालं.

म्हणून वहीत वाघाचा अर्थ लावायचा नाही, घामाचा माग काढायचा. सुख किंवा दुःख जाणवलं (वेदना), मग ते हवं किंवा नको झालं (तृष्णा), मग मनाने ते घट्ट धरलं (उपादान). ही साखळी दिवसा इतक्या झपाट्याने घडते आणि तिच्यावर रीतभात, लाज, "असू दे हो" यांचे इतके थर असतात, की दिसत नाही. झोपेत थर पातळ होतात. मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहात पाळण्यातल्या तान्ह्या बाळाचं उदाहरण येतं. त्याला "मी", "माझं" ही कल्पनासुद्धा नसते, तरी त्या ओढी त्याच्यात सुप्त असतात. या सुप्त ओढींना अनुशय म्हणतात. त्या जाग्या व्हायला खरी वस्तू लागत नाही, मनाने उभी केलेलीही पुरते.

२. झोपण्यापूर्वीची तयारी

रात्री साडेदहाला शेव-उसळ हाणून झोपलात, तर पहाटे जे दिसेल त्यातलं बरंचसं तर्रीचं असेल. अट्ठकथेचा पहिला प्रकार तो हाच. खाऊ नका असं मी म्हणत नाही, पण खाल्लंत तर वहीत त्या तारखेपुढे लिहून ठेवा. तसंच सर्दी-ताप, नवीन गोळी सुरू झाली असेल तर ती, उशिरा झोपलात तर ती वेळ. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीसुद्धा स्वप्नं भडक पडतात. ही नोंद झोपण्यापूर्वीच करायची, कारण सकाळी आठवत नाही आणि मग पोटाच्या तक्रारीला आपण आसक्ती समजून बसतो.

उजव्या कुशीवर झोपा, भिक्षूंना सांगितलेली पद्धत तीच आहे. अमुक वेळी उठायचंय हे मनात धरून झोपायचं, हाही तिचाच भाग. पाच मिनिटं मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो असं मनापासून चिंतणं, करता आली तर उत्तम. तिच्या अकरा लाभांत सुखाने झोप येणं, सुखाने जाग येणं आणि वाईट स्वप्न न पडणं हे तिन्ही मोजलेले आहेत. हल्ली पुष्कळ जण स्वप्नात जागं राहायचा प्रयत्न करतात आणि तिबेटी परंपरेत स्वप्नयोग आहे हे खरं, पण तो गुरूच्या हाताखाली, बाकीच्या साधनेसोबत करायचा. नवख्याने तसला आग्रह धरला तर झोप मोडते आणि हाती "काल मी स्वप्नात उडलो" एवढी फुशारकी उरते. ती फुशारकीच मग वहीत लिहायची वेळ येते.

३. जाग आल्यावर हलू नका

मिलिंदपञ्हात म्हटलंय की स्वप्न गाढ झोपेत पडत नाही आणि पूर्ण जागेपणीही नाही. मधल्या, माकडाच्या झोपेसारख्या हलक्या अवस्थेत पडतं. पहाटेकडे ही हलकी झोप जास्त असते आणि तेव्हाच जाग आली की स्वप्न आठवतं. पहाटेच्या स्वप्नांचा एवढा बोलबाला का, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

जाग आली की कूस बदलू नका. डोळे मिटलेलेच ठेवा. पहिल्यांदा गोष्ट आठवायची नाही, आधी अंग तपासायचं. जबडा आवळलाय का, छाती गरम आहे का, पोटात खड्डा पडलाय का, की उलट सगळं सैल आणि गोड आहे? ही खूण मिनिटभरात विरते. गोष्ट नंतरही जुळवता येते, ही नाही. मग विचारा, सुखद, दुःखद की यातलं काहीच नाही? एवढं ठरलं की हात उशाकडे न्या आणि लिहा.

गोड स्वप्नांत इथेच सगळे फसतात. भीतीदायक तेवढं लिहून काढतात आणि छान स्वप्न पडलं की कूस बदलून पुन्हा डोळे मिटतात, राहिलेलं बघू म्हणून. ते पुन्हा डोळे मिटणं म्हणजेच तुम्ही शोधत असलेली ओढ. पोतलिय नावाच्या गृहस्थाला भगवान बुद्धांनी कामसुखांच्या ज्या उपमा दिल्या, त्यांत एक अशीच आहे. माणसाला स्वप्नात रम्य बागा, वनं, तळी दिसतात आणि जागा झाल्यावर काहीच दिसत नाही. स्वप्नात बाग दिसली ही नोंद कामाची नाही. जाग आल्यावर "अरेरे" किती वेळ टिकलं, ते लिहा.

४. वहीचे चार रकाने

पान आडवं धरा आणि चार रकाने आखा.

पहिला रकाना *शरीर*. यात रात्रीची नोंद येते: जेवण, औषध, ताप, झोपायची वेळ.

दुसरा *काल-परवाचं*. स्वप्नातल्या कुठल्या गोष्टी नुकत्याच पाहिल्या, ऐकल्या, बोलल्या, ते लिहा. अट्ठकथेतलं "पूर्वी अनुभवलेलं" ते हेच. नवरात्रात बाराला गरब्यावरून आलात आणि स्वप्नभर ढोल वाजला, तर या रकान्यात एक ओळ पुरते.

तिसरा *कुठल्या क्षणी*. स्वप्नातला नेमका कुठला क्षण होता, जिथे अंगात ती खूण उठली? पूर्ण गोष्ट लिहायची नाही, फक्त क्षण. जास्तीत जास्त वेळ इथे घालवा, कारण पहिल्या खेपेला लिहिलेला क्षण बहुतेकदा चुकीचा असतो. मन सर्वांत मोठं चित्र पुढे करतं आणि खूण उठलेली असते एखाद्या बारक्या वाक्याला.

चौथा *माझं काय?* त्या क्षणी काय माझं म्हणून धरलं होतं? वस्तू, माणूस, मान, मत, की फक्त सवय?

चौथा रकाना सकाळी रिकामाच राहू द्या. तिथे घाईने "मोह", "अहंकार" असले भारदस्त शब्द भरलेत की तपास तिथेच संपतो.

५. एक स्वप्न, पूर्ण सोडवून

आमच्या वर्गातल्या एका काकूंचं स्वप्न त्यांच्या संमतीने देतो, ओळख पटेल असे तपशील बदलून. काकू निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहतात. वाडा बिल्डरला द्यायची बोलणी चाललेली.

स्वप्न असं. मधल्या दालनातला झोपाळा चार अनोळखी माणसं उचलून नेतायत. पितळी कड्या खणखणतायत. दारात जाऊबाई उभ्या आहेत आणि माणसांना "हळू न्या हं" म्हणतायत. काकू ओरडायला जातात, पण आवाज फुटत नाही. जाग आली तेव्हा जबडा इतका आवळलेला की दाढ दुखत होती.

घरच्यांनी दोन मिनिटांत निकाल लावला: वाडा हातचा जाणार, सूचना आहे, सही करू नका.

काकूंनी वही उघडली. पहिल्या रकान्यात लग्नाचं उशिराचं जेवण आणि उताणं झोपणं. दुसऱ्यात आदल्या दिवशी रावपुऱ्यात टेम्पोत कपाट चढवणारे हमाल, आणि संध्याकाळी जाऊबाईंचा कागदपत्रांबद्दल फोन. म्हणजे झोपाळा उचलणारी माणसं, जाऊबाई, घर जाण्याचा विषय, हे सगळं साहित्य दोन दिवसांच्या आतलं. सूचनेसाठी काही उरलं नाही.

तिसऱ्या रकान्यात त्यांनी आधी लिहिलं, "झोपाळा नेला." मी विचारलं, "काकू, झोपाळा उचलला तेव्हा जबडा आवळला होता की नंतर?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "झोपाळा उचलला तेव्हा रडू येत होतं रे. जबडा आवळला तो तिने 'हळू न्या' म्हटलं तेव्हा." त्यांनी आधीची ओळ खोडली आणि नवी लिहिली.

ही दोन वेगळी दुःखं आहेत. झोपाळ्याशी ताटातूट हे एक. सासूबाईंनी त्यावर बसून तांदूळ निवडले, मुलं त्यावर झोपली. त्याचं वाईट वाटणारच, आणि काकूंना ते ठाऊकही होतं. "माझ्या घरात सूचना ही कोण देणार?" हे दुसरं. त्याबद्दल दिवसा विचारलं असतं तर काकूंनी हसून कानावर हात ठेवले असते, कारण जाऊबाईंशी त्यांचं छान जमतं, आणि ते खोटंही नाही. बौद्ध यादीत पहिली ओढ रागाखाली येते आणि दुसरी मानाखाली. राग म्हणजे इथे संताप नव्हे, हवंहवंसं वाटणं. मान म्हणजे गर्व एवढंच नव्हे. मी वरचढ, मी बरोबरीचा, मी कमी, अशी कुठलीही तुलना त्यात आली.

चौथा रकाना तरीही रिकामा ठेवला. जबडा आवळला म्हणजे मानच, हे अजून फक्त अनुमान होतं.

६. दिवसा पडताळा घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि गाळली की पद्धत पुन्हा स्वप्नफळाच्या पुस्तकाकडे घसरते. फरक इतकाच की "साप म्हणजे शत्रू" च्या जागी "साप म्हणजे द्वेष" येतं. स्वप्नाने दाखवलं तो संशयित. पुरावा जागेपणी मिळायला हवा. तीच शारीरिक खूण दिवसा कधी उठते त्यावर आठवडाभर नजर ठेवा. उठली की वेळ आणि प्रसंग, एका ओळीत.

काकूंना चौथ्या दिवशी सापडली. सुनेने कामवाल्या बाईंना चादरी मंगळवारऐवजी शनिवारी धुवायला सांगितल्या. काकू काही बोलल्या नाहीत, शनिवार सोयीचा होता हेही त्यांना पटलं, पण जबडा आवळलेला. दोन दिवसांनी देवळातल्या भजनी मंडळात दुसऱ्याच कुणीतरी पुढच्या एकादशीचं वेळापत्रक ठरवलं, तेव्हा पुन्हा.

उलट पडताळाही घ्यायचा असतो. त्याच आठवड्यात जुन्या वस्तू घेणारा एक जण वाड्यात आला आणि झोपाळ्याची किंमत विचारून गेला. काकूंचा घसा दाटला, डोळे भरले, पण जबडा सैल होता. आता मात्र चौथा रकाना भरायला हरकत नव्हती. त्यांनी लिहिलं, "मला विचारलं जाणं."

पुढे वेगळंच स्वप्न पडलं. शाळेत हजेरी घेतायत आणि एकही मूल "हजर" म्हणत नाहीये. वाडा नाही, झोपाळा नाही, जाऊबाई नाहीत. जबडा तोच. गोष्ट बदलली आणि खूण तीच राहिली, तर आपण योग्य धाग्यावर आहोत असं समजा. उलट गोष्ट तीच राहून खूण दर वेळी बदलत असेल, तर आधीचं अनुमान खोडून टाका. आणि आठवड्यात दिवसा काहीच सापडलं नाही तर ते स्वप्न पोटाचं किंवा टेम्पोचं होतं असं समजून पान उलटा. बहुतेक पानं अशीच उलटावी लागतात.

७. आसक्ती सापडल्यावर

सापडली म्हणून ती सोडायची प्रतिज्ञा करू नका. काकूंनी घरकारभार सोडला असता तर सून अडचणीत आली असती आणि काकूंना "बघा, मी सोडलं" हा नवा मान मिळाला असता. त्यांनी केलं ते साधं होतं. जबडा आवळला की उत्तर देण्याआधी एक पूर्ण श्वास. आवळणं वाढतं, टिकतं, ओसरतं, ते बघायचं. मग बोलायचं ते बोलायचं. कधी चादरी शनिवारी धुतल्या गेल्या, कधी त्यांनी मंगळवारच धरून ठेवला. दोन्ही चालतं. तपास चादरींचा नव्हताच.

स्वप्नात वाईट वागलात म्हणून स्वतःला दोषही देऊ नका. कुणाला मारलंत, परक्या माणसाशी संग केलात, चोरी केलीत, तरी शील मोडलं असं होत नाही. विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, संघादिसेस नावाच्या गंभीर अपराधांच्या गटातला पहिलाच नियम वीर्यस्खलनाबद्दल आहे आणि त्यातून स्वप्न स्पष्ट वगळलंय. तिथलं स्पष्टीकरण फार नेमकं आहे: स्वप्नात चेतना, म्हणजे हेतू, असते, पण ती हिशेबात धरण्याजोगी नसते. म्हणून अपराध नाही. आणि चेतना असते, म्हणून बघण्यासारखंही काही असतं. संकोचामुळे असली स्वप्नं वहीतून वगळणारे बरेच भेटतात. वही कुलपात ठेवा, पण लिहा.

८. गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर

यावर थोडं थांबतो, कारण वर्गात सर्वांत जास्त याबद्दलच विचारतात, विशेषतः पितृपक्षाच्या सुमारास.

सुत्तनिपातातल्या जरासुत्तात एक गाथा आहे. स्वप्नात भेटलेलं माणूस जागं झाल्यावर जसं दिसत नाही, तसंच प्रिय माणूस मरण पावल्यावर पुन्हा दिसत नाही. ते सुत्त सगळंच "माझं" म्हणण्यावर आहे: माणसं आपलं म्हणून धरलेल्या गोष्टींसाठी शोक करतात, आणि धरलेलं काहीच कायम नसतं. पहिल्यांदा वाचताना ही गाथा कठोर वाटते. नुकतंच कुणी गेलं असेल त्या घरात ती वाचून दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आई स्वप्नात आली, तिने पोळी वाढली, तर ती काही सांगायला आली होती का, यात या पद्धतीने शिरायचं नाही. घरचे कावळ्याला घास ठेवत असतील तर ठेवू द्या, त्यावरून वाद नको. तुम्ही रकाने तेवढे भरा. खूण कुठे उठली? काहींना ती आई दिसल्याच्या सुखात सापडते, काहींना जाग आल्यावरच्या पोकळीत. आणि काहींना मधेच, तिने ताट पुढे केलं आणि आपण "आत्ता नको, घाई आहे" म्हणालो त्या क्षणी. हे तिसरं असेल, तर ते दुःख विरहाचं कमी आणि पश्चात्तापाचं जास्त आहे. त्यावर करण्यासारखंही काही असतं: जे वडीलधारे हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन जेवायला बसता येतं. वर्षाच्या आतलं दुःख असेल तर चौथा रकाना भरायचाच नाही. पहिले तीन पुरेत.

कुठे थांबायचं

एकच भयानक स्वप्न आठवड्यात अनेकदा पडून झोपेची धास्ती वाटू लागली, अपघात किंवा मारहाणीचा प्रसंग जसाच्या तसा परत परत दिसू लागला, किंवा झोपेत खरोखर हातपाय झाडले जाऊन शेजारच्याला लागू लागलं, तर वही बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. शेवटची तक्रार मेंदूविकारतज्ज्ञांना आवर्जून सांगायची. हे आसक्तीचं काम नाही, आणि मैत्री भावनेच्या भरवशावर ते अंगावर काढू नये.

स्वप्नं पडेनाशी झाली तर त्याचा फार आनंद मानू नका. अट्ठकथेनुसार अर्हतांनाच, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्यांनाच, स्वप्नं पडत नाहीत, कारण त्यांचे विपर्यास, म्हणजे उलटे समज, संपलेले असतात. तुमची-माझी बंद होतात ती बहुधा आठवत नाहीत म्हणून.

वही रोज लिहायची ती पहिले तीन महिने. नंतर ओळखीची खूण उठली तरच. सुरुवात नवरात्रात किंवा उत्तरायणाच्या आठवड्यात करू नका; झोपेचं खोबरं झालेलं असतं, दुसरा रकाना ढोल आणि पतंगांनीच भरतो, आणि तिसऱ्यात लिहिण्याजोगं काही हाती लागत नाही. दिवाळीची गडबड आवरली, थंडी पडू लागली की कार्तिकात सुरू करा.